IN-KA: देश आणि राज्य जोडून बनणारा कोड

डेटा सेटमधे राज्य लिहायचं असेल तर नुसतं KA न लिहिता IN-KA लिहितात, आधी देशाची दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग राज्याचा भाग जो एक ते तीन अक्षरांचा किंवा आकड्यांचा असतो. हे ISO 3166-2 नावाचं स्टँडर्ड, 1998 साली पहिल्यांदा आलं. कर्नाटक IN-KA, महाराष्ट्र IN-MH, गोवा IN-GA. आपल्याकडच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर हीच अक्षरं दिसतात (बेळगाव KA-22, कोल्हापूर MH-09), म्हणून लोकांना वाटतं पुढचं IN कशाला, सगळ्यांना कळतंय की!

माणसाला कळतं, पण मशीनला नाही. बेळगावातल्या एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याची पार्सलची यादी घ्या, बेळगाव, शिनोळी आणि पणजी. शिनोळी वेंगुर्ला रोडवर, शहरापासून जवळच पण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्र.

```
बेळगाव,KA
शिनोळी,MH
पणजी,GA
```

आता नकाशाच्या सॉफ्टवेअरने हा कॉलम देश म्हणून वाचला तर शिनोळीचं पार्सल थेट प्रशांत महासागरात, कारण देशांच्या यादीत MH म्हणजे मार्शल बेटं, आणि GA म्हणजे आफ्रिकेतलं गॅबॉन. KA नावाचा देशच नाही त्यामुळे बेळगावची ओळ गुपचूप गायब होते. ही चूक जास्त वाईट, भलत्या जागी पडलेला ठिपका निदान दिसतो तरी, गाळलेली ओळ एकूण ओळी मोजल्याशिवाय सापडत नाही. IN सुद्धा एकटं भरवशाचं नाही, अमेरिकेत इंडियाना राज्य US-IN आहे.

म्हणून पूर्ण कोड एकाच कॉलममधे टेक्स्ट म्हणून ठेवायचा आणि देश लागलाच तर रेघेच्या अलीकडचा भाग काढायचा. जपानचं होक्काइदो JP-01 आहे, तोडून नुसतं 01 ठेवलं की एक्सेल त्याचं 1 करून टाकतं.

कोड बदलतातही. ओडिशा आधी IN-OR होतं, 2023 मधे IN-OD झालं, त्यामुळे जुन्या आणि नव्या फाइल जोडताना एकच राज्य दोनदा मोजलं जातं. उलट बेळगावचं नाव 2014 मधे सरकारी कागदावर बेळगावी झालं तरी कोडला काही फरक पडला नाही, कारण भारतात हे कोड राज्य आणि केंद्रशासित प्रदेशापर्यंतच आहेत, जिल्ह्याला नाहीत. निपाणी काय, खानापूर काय आणि बेंगळुरू काय, सगळं IN-KA. जिल्हा हवा तर वेगळा कॉलम.

आणि भाषा यातून काढू नका. मराठीचा कोड mr हा वेगळ्याच स्टँडर्डमधला, IN-KA दिसलं म्हणून पावती कन्नडमधे छापायची असं ठरवलं तर इकडच्या अर्ध्या गिऱ्हाइकांचे फोन येतील. दोन्ही एकत्र लिहायची सोय आहे, राज्याचा कोड तेव्हा रेघेशिवाय लहान अक्षरांत येतो:

```
mr-IN-u-sd-inka
```

म्हणजे भाषा मराठी, देश भारत, राज्य कर्नाटक.