क्रिएटिन आणि कॅफिन : वजन उचलणाऱ्यांसाठी तुलना

क्रिएटिन आणि कॅफिन ही ताकदीच्या खेळांत सर्वाधिक वापरली जाणारी दोन कायदेशीर पूरके. दोन्हींचे काम वेगळ्या वेळापत्रकावर चालते. कॅफिन मेंदूतील अडेनोसिनचा थकव्याचा संदेश अडवते आणि तासाभरात असर दाखवते. क्रिएटिन स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट ऊर्जेचा, साठा वाढवते. रोज ३ ते ५ ग्रॅम घेतल्यास तो साठा भरायला तीन-चार आठवडे लागतात. त्यानंतर सेटमध्ये एखाद-दुसरे रेप जास्त निघते आणि खरी वाढ त्या जादा मेहनतीतून होते.

सांगलीतला ७० किलो वजनाचा, ८० किलो बेंच प्रेस मारणारा मुलगा घेऊ. कॅफिनने त्या दिवशीची कमाल साधारण २ ते ४ टक्के वाढते, म्हणजे दोन-तीन किलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. क्रिएटिनवरील अभ्यासांच्या एका आढाव्यात काही आठवड्यांच्या व्यायामाने ताकद सरासरी १२ टक्के वाढली, तर क्रिएटिनसह २० टक्के. याच मुलाला हे आकडे लावले तर सुमारे ९० आणि ९६ किलो. मुरलेल्या लिफ्टरला इतका फरक पडत नाही, काहींना तर जाणवतच नाही. उलट मिरज-सांगलीकडील जैन किंवा माळकरी घरातल्या मुलाच्या पोटात मटण-मासे जात नसल्याने त्याचा साठा मुळात कमी असतो, आणि भर पडायला जागा जास्त.

खर्चाचा हिशेब अनेकांना उलटा वाटेल. २५० ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट ८०० रुपयांना मिळाले, तर ३ ग्रॅमचा दिवस दहा रुपयांच्या आत बसतो. कॅफिनची मात्रा शरीराच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम धरली तर ७० किलोला २१० मिलिग्रॅम होतात. त्यासाठी सुमारे ७ ग्रॅम शुद्ध इन्स्टंट कॉफी लागते. ५० ग्रॅमची बाटली २०० रुपयांची असेल तर २८ रुपये. चिकोरीमिश्रित कॉफीत कॅफिन कमी भरते. टपरीवरच्या कटिंगवर तर मात्रेचा हिशेबच लागत नाही. सुटी कॅफिन पावडर स्वस्त असली तरी घेऊ नये. तिचे दोन-तीन चमचे जीवघेणे ठरू शकतात.

क्रिएटिनने पहिल्या काही आठवड्यांत किलो-दीड किलो पाणी चढते. वजनगटाच्या काठावरच्या खेळाडूला स्पर्धेच्या तोंडावर ते महागात पडते. एकदम जास्त घेतल्यास पोट बिघडते. मूत्रपिंडाच्या तपासणीत मोजले जाणारे रक्तातील क्रिएटिनिनही थोडे वाढते आणि मूत्रपिंड बिघडल्याचा संशय येतो. म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना क्रिएटिन घेत असल्याचे सांगावे. मूत्रपिंडाचा विकार आधीपासून असेल, तर सल्ल्याशिवाय सुरूच करू नये.

कॅफिनने धडधड, हातांना कंप, रक्तदाबात वाढ असे त्रास होतात. पण मोठी किंमत झोपेची. त्याचे अर्धे प्रमाण शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात. कामावरून सुटून संध्याकाळी सातला जिम गाठणाऱ्याच्या अंगात मध्यरात्रीही निम्मे कॅफिन उरते. अशा लिफ्टरने क्रिएटिन रोज घ्यावे आणि कॅफिन स्पर्धेच्या दिवसासाठी राखावे. मात्र त्या दिवशी ते पहिल्यांदाच घेऊन बघू नये.