घड्याळ पुढे सरकवणं आणि जोखीम वाढवणं

थ्रिलर लिहिताना मधल्या भागात कथा मंदावली, की लेखक मुदत कमी करतो. खलनायकाचा फोन येतो: ‘चोवीस तास नाही, आता फक्त सहा.’ यामुळे पात्रांची धावपळ वाढते, पण जोखीम आधी होती तेवढीच राहते. अपहृत मुलगी तेव्हाही मरणार होती, आताही मरणार आहे. शिवाय वाचकाला लगेच प्रश्न पडतो, की सहाच तास का? खलनायकाकडे त्याचं उत्तर नसेल, तर ती घाई लेखकाची आहे हे उघडं पडतं. मग मुलीच्या जागी अख्खं शहर पणाला लावलं तरी भीती वाढत नाही. त्या मुलीला आपण ओळखत असतो, शहर म्हणजे नुसता आकडा असतो.

फ्रेडरिक फोर्साइथच्या ‘द डे ऑफ द जॅकल’ (1971) या कादंबरीत मुदत कशी बसवली आहे ते पाहण्यासारखं आहे. मारेकऱ्याला फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारायचंय. त्यासाठी तो 25 ऑगस्ट 1963 हा पॅरिसच्या मुक्तीचा स्मृतिदिन निवडतो, कारण जिवाला कितीही धोका असला तरी द गॉल त्या दिवशी लोकांसमोर येणारच, हा त्याचा अंदाज असतो. तारीख अशी द गॉल यांच्या स्वभावातून आणि देशाच्या इतिहासातून आलेली आहे. ती कुणाला पुढे-मागे करता येत नाही. तपास करणाऱ्या लबेलला मात्र ती बराच काळ माहीतच नसते.

द गॉल 1970 मध्ये घरी नैसर्गिक मृत्यूने गेले, हे वाचकाला ठाऊक असतं. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. याचं कारण मला जोखमीच्या मांडणीत दिसतं. ‘राष्ट्राध्यक्षांचा जीव’ ही जोखीम पहिल्यापासून शेवटपर्यंत तेवढीच राहते. मारेकऱ्याचे पर्याय मात्र संपत जातात. कट फुटल्याचं त्याला कळतं तेव्हा माघारीची वाट अजून मोकळी असते. तो पुढे जायचं ठरवतो. तिथून प्रत्येक पाऊल महाग होतं: गाडीचा रंग बदलावा लागतो, नाव बदलावं लागतं, जिने आसरा दिला तिचा खून करावा लागतो. हे सगळं त्याने स्वतः ओढवून घेतलेलं आहे, म्हणून ते पटतं.

अपहरणाच्या त्या कथेतही हे करता येईल. मुदत चोवीस तासांचीच ठेवायची. मुलगी मधुमेही आहे आणि तिचं इन्सुलिन घरीच राहिलंय, हे पहिल्याच प्रकरणात येऊ द्यायचं. मग बाराव्या तासाला बाप पोलिसांपासून काहीतरी लपवतो आणि त्यामुळे तिच्यापर्यंत पोचायचा एकमेव माग हातचा जातो. आता खलनायकाला पुन्हा फोन करायची गरजच उरत नाही.