परिसंवादाच्या चित्रीकरणाआधी: कोण कुठे बसणार, ते आम्हाला आधी का हवं असतं

परिसंवादाचं काम ठरलं की आम्ही आयोजकांकडे पहिली गोष्ट मागतो ती बैठकीचा क्रम. बहुतेकांचं उत्तर एकच असतं, "ते स्टेजवर बघू ना, पाच तर खुर्च्या आहेत." आणि कार्यक्रमानंतर आठवड्याभरात त्यांचाच फोन येतो, की अमुक सरांचा चेहरा नेमक्या वेळी दिसत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध आहे. तो एकदा नीट सांगावा, म्हणून हे माहितीपत्रक.

चार वक्ते आणि एक सूत्रसंचालक असतील तर आम्ही चार कॅमेरे लावतो. सूत्रसंचालक मधोमध, दोन वक्ते एका बाजूला आणि दोन दुसऱ्या. खुर्च्या सरळ ओळीत न ठेवता अर्धगोलात. पहिला कॅमेरा सभागृहात मागे मध्यावर असतो. त्यात पूर्ण व्यासपीठ दिसतं आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. चौथा त्याच्याच शेजारी, पण जवळचा शॉट घेणारा. तो सूत्रसंचालकांवर असतो आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी प्रेक्षकांकडे वळतो. उरलेले दोन सभागृहाच्या दोन बाजूंना, आणि त्यांची वाटणी उलटी असते. प्रेक्षकांकडून पाहताना डावीकडचा दुसरा कॅमेरा उजवीकडच्या वक्त्यांना घेतो, उजवीकडचा तिसरा डावीकडच्यांना.

उलटी का, हे बरेच जण विचारतात. डावीकडे बसलेला माणूस बोलताना उजवीकडे, सूत्रसंचालकांकडे पाहतो. म्हणजे त्याचा चेहरा समोरून मिळतो तो उजव्या बाजूच्या कॅमेऱ्याला. जवळचा म्हणून डावा कॅमेरा त्याच्यावर लावला तर कान आणि गालच दिसेल.

आता खरा मुद्दा. डावीकडचे वक्ते बोलत असताना तिसरा कॅमेरा त्यांच्यात गुंतलेला असतो आणि दुसरा मोकळा असतो. तो समोरच्या बाजूच्या ऐकणाऱ्यांचे चेहरे पकडतो. प्रतिक्रियेचा शॉट येतो तो असा. म्हणून ज्या दोघांचं म्हणणं एकमेकांच्या विरोधात जाणार आहे, ते समोरासमोरच्या बाजूंना बसले पाहिजेत. दोघे शेजारी बसले की दोघेही एकाच कॅमेऱ्याच्या वाट्याला येतात, आणि एक कॅमेरा एका वेळी एकच चेहरा जवळून दाखवू शकतो.

आमच्या एका कामात हे घडलं. विषय होता ऊस आणि पाणी. ठरलेला क्रम प्रेक्षकांकडून पाहताना डावीकडून असा होता: शेतकरी, जलतज्ज्ञ, सूत्रसंचालक, साखर कारखान्याचे संचालक, कृषी अधिकारी. जलतज्ज्ञ आणि संचालक यांच्यात जुंपणार हे सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून ते दोन बाजूंना. सुरू व्हायला दहा मिनिटं असताना निरोप आला, साहेबांना लवकर निघायचंय, त्यांना पायऱ्यांजवळ बसवा. पायऱ्या डावीकडे होत्या. शेतकरी उठून उजवीकडे गेले आणि संचालक डाव्या टोकाला आले, थेट जलतज्ज्ञांच्या शेजारी.

अर्ध्या तासाने जलतज्ज्ञांनी त्यांचा मुख्य मुद्दा मांडला. तिसरा कॅमेरा त्यांच्यावर होता, आणि तिथून संचालक त्यांच्या खांद्याआड गेले होते. दुसऱ्या कॅमेऱ्याला डावीकडच्यांचे फक्त कान दिसत होते. संचालकांचा चेहरा मिळाला तो पहिल्याच कॅमेऱ्यात, अंगठ्याएवढा. शिवाय हातभर अंतरावर बसलेली माणसं मान वळवून एकमेकांकडे बघत नाहीत, त्यामुळे ते समोर प्रेक्षकांकडे पाहत बसले होते. त्या दीड तासातला सगळ्यात जिवंत क्षण आमच्याकडे एका बाजूनेच आहे. नंतर एडिटिंगला दोन दिवस जास्त गेले, तरी जे टिपलंच गेलं नव्हतं ते कुठून आणणार?

जागा बदलणं अगदीच अटळ असेल तर समोरासमोरच्या दोघांची अदलाबदल करू नका, एकाच बाजूच्या दोघांची करा. त्या दिवशी साहेबांना उजव्या टोकाला नेऊन तिकडे एक लाकडी पायरी लावली असती, तरी काम भागलं असतं.

प्रतिक्रिया कधी दाखवायची, याबद्दल आमचे काही नियम आहेत आणि ते आम्ही पाळतो. वक्त्याचं पहिलं वाक्य पूर्ण त्याच्याच चेहऱ्यावर जातं. कोण बोलतंय हे बघणाऱ्याला आधी कळू द्यायचं. त्यानंतर कुणाचं नाव घेतलं गेलं किंवा कुणाचं म्हणणं खोडलं गेलं, तर त्या माणसावर जायचं; पद मोठं म्हणून कुणावर जायचं नाही. कट वाक्याच्या शेवटी किंवा श्वासावर, शब्दाच्या मध्ये नाही. साधारण तीन सेकंद थांबायचं, चेहरा वाचता येईल इतकं, आणि नवा मुद्दा सुरू व्हायच्या आत वक्त्याकडे परत यायचं. दोघं-तिघं एकदम बोलू लागले तर पूर्ण व्यासपीठाचा शॉट, एकाचा आवाज वर येईपर्यंत. पाणी पिणारा, मोबाईल बघणारा, जांभई देणारा माणूस आम्ही दाखवत नाही. तेवढ्यावरून त्याला चर्चेत रस नव्हता असा अर्थ निघतो, आणि तो अन्याय आहे.

"एवढा वेळ एकच शॉट का?" असंही विचारलं जातं. त्याच कार्यक्रमात शेतकरी आपल्या आटलेल्या विहिरीबद्दल सांगता सांगता थांबले. चष्मा काढला, उपरण्याने पुसला, परत घातला. आम्ही त्या वेळात एकही कट घेतला नाही. तिथे दुसऱ्याचा चेहरा दाखवला असता तर त्यांचं थांबणंच हरवलं असतं.

आणखी एक विनंती वारंवार येते, की हसण्याचा किंवा मान डोलावण्याचा शॉट दुसरीकडून उचलून इथे लावा. ते आम्ही करत नाही. माणूस ज्या वाक्यावर हसलाच नाही त्यावर त्याला हसताना दाखवणं म्हणजे त्याच्या तोंडी मत घालणं. त्याच क्षणाचा चेहरा मात्र आम्ही जरूर आणतो. आमच्याकडे चारही कॅमेरे आपापल्या कार्डावर सलग रेकॉर्ड होतात, फक्त स्विचरमधून, म्हणजे कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते निवडणाऱ्या यंत्रातून, गेलेलं चित्र नव्हे. थेट प्रक्षेपणात एखादा कट चुकला तर अंतिम प्रतीत दुरुस्त होतो. दर ठरवताना इतरांकडेही ही सोय आहे का, हे विचारून घ्या.

बाजूच्या कॅमेऱ्यांखालच्या चौथऱ्यांबद्दलही तक्रार असते. व्यासपीठ तीन फूट उंच असेल तर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे सात फुटांवर येतात. लेन्स तिथे हवी, नाहीतर नाकपुड्या आणि टेबलाची कड दिसते. चौथरे आम्ही भिंतीलगत लावतो. आपण एवढंच करा, टेबलावरचे पुष्पगुच्छ आणि उभ्या बाटल्या खाली ठेवायला सांगा.

आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बैठकीचा क्रम व्हॉट्सॲपवर पाठवा, "प्रेक्षकांकडून पाहताना डावीकडून" असं लिहून, कारण व्यासपीठावरून मोजलेलं डावं-उजवं उलटं होतं. कुणाचं कुणाशी पटणार नाही, हेही दोन शब्दांत कळवा. ते आमच्यापाशीच राहील. सभागृह पाहायला आम्ही आधी येतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. येताना खुर्च्यांवर लावायला नावांच्या चिठ्ठ्याही आणतो.