गंजलेलं लोखंड तराजूत घालून बघा

सोयाबीनला भाव मिळाला नाही आणि लातूरजवळच्या एका गावातलं घराचं काम जोत्यावरच थांबलं. अख्खा पावसाळा धरून दहा महिने लोखंड अंगणात पडून होतं. मी गेलो तेव्हा मालकानं पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, हे भंगारात घालू का?"

सळ्या तांबड्याभडक झाल्या होत्या. पण गंज दिसतो तेवढं लोखंड गेलेलं नसतं. गंजलेलं लोखंड फुगून मूळच्या कितीतरी पट जागा व्यापतं, त्यामुळे पातळ थरही भयंकर वाटतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत, समुद्रापासून लांब, उघड्यावरच्या सळईचा वर्षाला साधारण मिलिमीटरचा विसावा भाग किंवा त्याहूनही कमी झिजतो. हातानं चोळल्यावर न सुटणारा पातळ गंज तर काँक्रीटची पकड वाढवतो. पापुद्र्यासारखा सुटणारा गंज मात्र घासून काढावाच लागतो, कारण काँक्रीट त्या पापुद्र्याला चिकटतं, सळईला नाही.

मग निवाडा कसा करायचा? वजनानं. सळईच्या व्यासाचा वर्ग करून 162 ने भागला की एक मीटरचं वजन किलोत मिळतं. बारा एमएमचं येतं 888 ग्रॅम, आठ एमएमचं 395. भारतीय मानक IS 1786 प्रमाणे एकेका नमुन्यात बारा एमएमला 6 टक्के आणि आठ एमएमला 8 टक्के घट चालते. म्हणजे तळ अनुक्रमे 835 आणि 363 ग्रॅम.

मिस्त्रींनी बरोबर मीटरभराचे तुकडे कापले, तारेच्या ब्रशनं लोखंड चमकेपर्यंत घासले आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवले. विटांवर रचलेल्या बारा एमएमचे तीन तुकडे 860 च्या आसपास भरले. रिंगांसाठी आणलेली आठ एमएम मात्र थेट काळ्या मातीवर होती, वर खताची पोती. तिचा एक तुकडा 350 भरला. काळी माती ओल धरून ठेवते, आणि पोती पोटॅशची होती. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचंच भावंड. क्लोराइड सळईला नुसतं सरसकट झिजवत नाही, जागोजागी खोल खड्डेही पाडतं.

खड्ड्यांचं दुखणं वजनात पुरतं दिसत नाही. सरासरी ठीक भरली तरी सळई ताणली की सगळा ताण त्या एका बारीक झालेल्या जागी एकवटतो, आणि ती लांबण्याआधीच तुटते. म्हणून घासल्यावर नखाला खड्डा लागला, तर वजन कितीही भरो, तुकडा प्रयोगशाळेत ताणून बघावा किंवा सळई सरळ बाजूला काढावी.

आठ एमएम भंगारात गेली. रिंगा कॉलमच्या उभ्या सळ्यांना बाहेर फुगू देत नाहीत. तिथं काटकसर नको. बारा एमएम घासून वापरली.

राहिल्या जोत्यातून वर आलेल्या कॉलमच्या सळ्या. त्या कापून तोलता येत नाहीत. सळई काँक्रीटमधून बाहेर येते तिथंच पाणी साचतं, म्हणून छिन्नीनं दोन इंच काँक्रीट उकरून व्हर्नियरनं सळईचा व्यास मोजला. एका कोपऱ्याच्या कॉलममध्ये बारा एमएमची सळई सांध्यापाशी साडेदहा एमएम भरली. अशा ठिकाणी क्षेत्रफळ जवळजवळ चौथाईनं घटलेलं असतं. तो कॉलम चांगली सळई लागेपर्यंत आणखी खाली फोडायचा आणि पुरेशा लॅपनं, म्हणजे जुन्या सळईशेजारी पुरेशी लांबी ठेवून, नवीन सळई जोडायची, असं ठरलं.