खिडकी बदलताच स्क्रीन काळी का होते?

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला नवा कोरा मॉनिटर, 2560×1440, 240 हर्ट्झ. गेम सुरू असताना Alt+Tab दाबलं की स्क्रीन सेकंद-दीड सेकंद काळी पडते आणि मग डेस्कटॉप दिसतो. गिरगावातल्या एका कॉलेजकुमाराची ही तक्रार. घरच्यांनी व्होल्टेजला दोष दिला, दुकानदार म्हणाला केबल बदला. बदलली, तरी काळोख तसाच.

इथे थोडं गणित करावं लागतं. या पडद्यावर सुमारे 37 लाख पिक्सेल आहेत. सेकंदाला 240 चित्रं आणि 10-बिट रंगासाठी दर पिक्सेलला 30 बिट धरले, तर सेकंदाला साधारण 26.5 अब्ज बिट होतात. मॉनिटर ज्या डिस्प्लेपोर्ट 1.4 ने जोडलाय, त्यातून प्रत्यक्ष चित्रासाठी मिळतात 25.92 अब्ज. म्हणजे चित्र मावत नाही. मग ग्राफिक्स कार्ड ते दाबून पाठवतं आणि मॉनिटर उलगडतो. हेच डिस्प्ले स्ट्रीम कॉम्प्रेशन, म्हणजे डीएससी.

दाबणं-उलगडणं इतकं झटपट होतं की त्याचा वेळ जाणवतच नाही. वेळ जातो तो मांडणी बदलताना. एक्सक्लुझिव्ह फुलस्क्रीनमधला गेम पडद्याचा ताबा स्वतःकडे घेतो. तो ताबा सुटला की ड्रायव्हर अनेकदा डिस्प्ले मोड नव्याने बसवतो. डीएससी चालू असेल तर चित्र कसं दाबलंय याचे तपशील मॉनिटरला पुन्हा कळवावे लागतात, त्याचा डिकोडर पुन्हा जुळावा लागतो. तोवर दाखवायला काही नसतं.

पण दोषी हाच, हे ठरवायचं कसं? बरेचजण 120 हर्ट्झवर आणून पाहतात. ही चाचणी मला अर्धवट वाटते, कारण त्याने केबलवरचा भारही हलका होतो आणि कमकुवत केबलही निर्दोष सुटते. त्याऐवजी 240 हर्ट्झ तसेच ठेवून एचडीआर बंद करावं आणि रंग 8-बिट करावा. आता गरज 21.2 अब्ज बिटांची. चित्राशिवायचा थोडा तांत्रिक खर्च धरूनही ती मावते. मॉनिटरच्या मेनूत DSC असेल तर तेही बंद करावं. गेमचं रिझोल्यूशन आणि हर्ट्झ मात्र डेस्कटॉपइतकेच हवेत, नाहीतर डीएससी नसतानाही मोड बदलून पडदा काळा होईल.

गिरगावात हे केल्यावर Alt+Tab सरळ चालू लागलं. दुसरी खूण: 10-बिट परत आणून गेम बॉर्डरलेस विंडोत चालवला, तरी काळोख आला नाही, कारण तिथे पडद्याचा ताबा बदलतच नाही.

खिडकी न बदलताही मधूनच स्क्रीन जात असेल तर मात्र केबलवरच संशय घ्यावा. आणि काळी न होता फक्त उजेड थरथरत असेल, विशेषतः फ्रेमरेट वरखाली होताना, तर ते व्हेरिएबल रिफ्रेश रेटचं काम; डीएससी बंद करून तिथे काही साधणार नाही.

त्या मुलाने शेवटी 10-बिट ठेवला आणि गेम बॉर्डरलेस केला. याच डिस्प्लेपोर्ट 1.4 वर 4के 240 हर्ट्झचा मॉनिटर असता तर 8-बिटची वाट त्याला खुलीच नव्हती: तिथे 8-बिटलाही जवळपास 48 अब्ज बिट लागतात.