नवा बिल्ड आला, आधी काय तपासायचं?

समजा, बसची तिकिटं काढायचं एक अ‍ॅप आहे. डेव्हलपर मंडळींनी दिवसभरात केलेले बदल रात्री एकत्र होतात आणि त्यातून अ‍ॅपची नवी प्रत तयार होते. हाच बिल्ड. सकाळी तो टेस्ट सर्व्हरवर चढतो आणि टेस्टरच्या हाती येतो. सगळं अ‍ॅप नीट तपासायला दोन-तीन दिवस लागतात. तेवढा वेळ या बिल्डवर घालवावा का, हे आधी ठरवायचं असतं.

त्यासाठी स्मोक टेस्टिंग. अ‍ॅप उघडतं का, लॉगिन होतं का, पुणे-कोल्हापूर शोधल्यावर बस दिसतात का, सीट निवडून खोटे पैसे भरता येतात का, तिकीट हातात पडतं का, ते रद्द होतं का. बस, इतकंच. प्रत्येक पायरी सरळ वाटेनं एकदाच चालायची, आडवळणं घ्यायची नाहीत. हे बहुतेक ठिकाणी आपोआप चालतं आणि दहा-पंधरा मिनिटांत उरकतं.

गंमत म्हणजे स्मोकमध्ये सापडणारे घोटाळे पुष्कळदा कोडच्या तर्कातले नसतातच. डेव्हलपरनं तिकिटांच्या तक्त्यात जीएसटीसाठी नवा रकाना वाढवला. त्याच्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. टेस्ट सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये तो रकाना घालणारी स्क्रिप्ट मात्र चालवायची राहिली. लॉगिन होतं, बस दिसतात, पण तिकीट काढायला गेलं की गाडी अडते, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये ही ओळ दिसते:

```
ERROR:  column "gst_amount" of relation "tickets" does not exist
```

असा बिल्ड तिथल्या तिथे परत पाठवायचा. त्यावर बसून आणखी वीस बग लिहून काढण्यात अर्थ नाही, कारण त्यातले निम्मे याच एका कारणाचे असतात.

आता आठवडाभर पुढे जाऊ. बिल्ड 130 स्मोकमधून पार झाला आणि सविस्तर तपासणीत एक बग सापडला. तिघांचं तिकीट, प्रत्येकी 450 रुपये, म्हणजे 1350. कूपनचे 100 वजा जाता प्रवाशानं भरले 1250. पण एकेक करून तिन्ही सीट रद्द केल्या, तर दर वेळी 450 परत! भरले 1250, मिळाले 1350. स्मोकला हे कधीच कळलं नसतं. ‘रिफंड सुरू झाला’ एवढं पडद्यावर आलं की तिचं समाधान होतं. रक्कम ती मोजत नाही.

डेव्हलपरनं सवलत तिघांत वाटून दिली आणि बिल्ड 131 आला. बिल्ड नवा, म्हणून स्मोक पुन्हा पहिल्यापासून. ती पार पडल्यावर सॅनिटी टेस्टिंग: जे बदललं ते खरंच दुरुस्त झालं का, आणि त्याच्या आजूबाजूचं काही बिघडलं नाही ना. इथे टेस्टर खोलात शिरतो, पण तेवढ्याच कोपऱ्यात. पहिली सीट रद्द केली, 416.67 परत. बरोबर. दुसरी, 416.67. तिसरी, पुन्हा 416.67. बेरीज होते 1250.01. एक पैसा जास्त. तिसऱ्या वेळी उरलेले 416.66 द्यायला हवे होते. एका पैशासाठी काय भांडायचं, असं ज्याला वाटतं त्यानं हिशेब जुळवणाऱ्या अकाउंटंटला विचारावं. मग तिन्ही सीट एकदम रद्द करून पाहायच्या आणि कूपन नसलेल्या तिकिटावर पूर्ण 450 परत येतात ना, तेही बघायचं. बस शोधणं, सीटचा नकाशा, प्रोफाइल यांना सॅनिटीत हात लावायचा नाही.

सॅनिटीची यादी सहसा आधी लिहिलेली नसते. बिल्डमध्ये काय बदललं ते सांगणारी रिलीज नोट वाचून टेस्टर ती तिथेच ठरवतो, त्यामुळे ती बरीचशी त्याच्या जाणकारीवर चालते. पुण्यात टेस्टिंगच्या मुलाखतीत या दोन्हींतला फरक हमखास विचारतात. प्रत्यक्षात आयएसटीक्यूबी या टेस्टर प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या शब्दसूचीत हे दोन्ही शब्द समानार्थी धरलेले आहेत, आणि कित्येक टीम त्यांची सरमिसळ करतात. माझ्या मते नावावरून वाद घालू नये; तपासणी रुंद आणि उथळ हवी की अरुंद आणि खोल, एवढं टीममध्ये ठरलेलं असलं की पुरे.

स्मोक बिघडते ती सुजून. प्रत्येक जण ‘माझंही एक घाला’ म्हणतो आणि पंधरा मिनिटांची तपासणी तासावर जाते. मग ती नापास होऊन लाल दिसली तरी लोक ‘चालतंय, नेहमीचंच आहे’ म्हणून बिल्ड वापरू लागतात. तसं होऊ लागलं की यादी छाटायची वेळ आली. हे नापास झालं तर बाकी टेस्टरांचा दिवस वाया जाईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ती पायरी स्मोकमधून काढावी.

सॅनिटीचा धोका वेगळा. एक पैसा दुरुस्त करताना डेव्हलपरनं पूर्णांकनाचं सामाईक फंक्शनच बदललं. तेच फंक्शन जीएसटीचं बिलही वापरतं, पण रिलीज नोटमध्ये लिहिलं होतं फक्त ‘रिफंड दुरुस्त’. बिल्ड 132 ची सॅनिटी निर्धास्त पार पडली. बिलातली चूक उघडी पडली ती दोन दिवसांनी, सगळं अ‍ॅप पुन्हा तपासणाऱ्या रिग्रेशनमध्ये. म्हणून जाणते टेस्टर रिलीज नोटवर थांबत नाहीत. कोणत्या फायलींना हात लागला, हे डेव्हलपरला विचारूनच सॅनिटीला बसतात.