ड्यूटेरॉनला एकच बद्ध अवस्था का? चौकोनी विहिरीच्या गणितामागची गोष्ट

पुंज यांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात सांत खोलीची चौकोनी विहीर येते ती बहुधा सरावाचे गणित म्हणून. विहिरीच्या आत ज्या-वक्र, बाहेर घातांकी शेपूट, काठावर दोन्हींची जुळणी, मग आलेखावरचे छेदबिंदू मोजायचे आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे. पण 1930 च्या दशकात अणुकेंद्रातल्या बलाबद्दल जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते, तेव्हा याच गणिताने त्या बलाविषयीची पहिली भरवशाची माहिती दिली. ती ज्या केंद्रकातून मिळाली ते म्हणजे ड्यूटेरॉन, एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन यांची जोडी.

ड्यूटेरॉन हे ज्याचे केंद्रक, त्या जड हायड्रोजनचा शोध युरी, ब्रिकवेड आणि मर्फी यांनी 1931 च्या अखेरीस लावला. काही आठवड्यांतच, 1932 च्या फेब्रुवारीत, चॅडविक यांनी न्यूट्रॉन जाहीर केला. म्हणजे बांधलेली जोडी आणि तिच्यातला अनोळखी भागीदार जवळपास एकाच वेळी हाती आले. ही जोडी किती घट्ट बांधली आहे, हा पुढचा प्रश्न होता. बर्लिनहून केंब्रिजला आलेला तरुण विद्यार्थी मॉरिस गोल्डहाबर याने चॅडविकना सुचवले की गॅमा किरणांनी ही जोडी फोडून पाहावी. 1934 मध्ये दोघांनी थोरियमच्या साखळीतले 2.62 एमईव्ही ऊर्जेचे गॅमा किरण जड हायड्रोजनवर सोडले आणि बाहेर पडणाऱ्या प्रोटॉनची ऊर्जा मोजली. ती साधारण पाव एमईव्ही भरली. न्यूट्रॉनचे वस्तुमान जवळपास तेवढेच, त्यामुळे त्याच्या वाट्यालाही तेवढीच ऊर्जा. उरलेली सुमारे 2.1 एमईव्ही जोडी तोडण्यात खर्ची पडली. आजचा अचूक आकडा 2.2246 आहे.

हा आकडा फार लहान आहे, आणि सगळी गंमत तिथेच आहे. हेलियमच्या केंद्रकाची बंधन ऊर्जा 28.3 एमईव्ही. हेलियममध्ये चार कण, म्हणजे सहा जोड्या. प्रत्येक जोडीला ड्यूटेरॉनइतकेच बंधन मिळते असे धरले तर तेरा-चौदा एमईव्ही व्हायला हवे होते, प्रत्यक्षात दुप्पट आहे. युजीन विग्नर यांनी 1933 मध्ये याचा अर्थ लावला तो असा: केंद्रकातले बल अतिशय कमी पल्ल्याचे पण खूप जोरदार असले पाहिजे. कण अरुंद जागेत कोंबला की त्याची गतिज ऊर्जा वाढते आणि ती विहिरीची खोली जवळजवळ पूर्ण खाऊन टाकते. ड्यूटेरॉनमध्ये जे शिल्लक राहते ते दोन मोठ्या संख्यांमधला किरकोळ फरक. हेलियममध्ये ओढणारे शेजारी वाढतात, तोल ओढीच्या बाजूला झुकतो आणि बंधन एकदम वाढते.

या तर्काला आकडे द्यायला चौकोनी विहीर पुरते. प्रोटॉन आणि न्यूट्रॉनमधले अंतर r धरू. r हे R पेक्षा कमी असेल तर विभव −V₀, जास्त असेल तर शून्य. कोनीय संवेग नसलेल्या अवस्थेसाठी त्रिज्यीय तरंगफलनाला r ने गुणून u(r) घेतले की समीकरण एका मितीचे होते. फक्त एक अट वाढते: r = 0 ला u शून्य असले पाहिजे. बंधन ऊर्जा B असेल, तर

u = A sin kr (आत), k² = m(V₀ − B)/ħ²

u = C e^(−κr) (बाहेर), κ² = mB/ħ²

इथे m हे एका न्यूक्लिऑनचे वस्तुमान आहे. जोडीचे समानीत वस्तुमान त्याच्या निम्मे असल्याने सूत्रातला नेहमीचा 2 निघून गेला आहे.

आता काठावरची जुळणी. u अखंड हवे हे सहज पटते. उतारही अखंड का हवा, हे मात्र नियम म्हणून पाठ करण्यापेक्षा एकदा करून पाहण्यासारखे आहे. श्रोडिंजरचे समीकरण काठाच्या किंचित अलीकडून किंचित पलीकडे समाकलित करा. डावीकडे उतारातला फरक येतो, उजवीकडे सांत विभव गुणिले सांत u, आणि तेही शून्याकडे जाणाऱ्या रुंदीवर. म्हणून उतारातला फरक शून्य. विभवाची उडी अनंत असेल तर हा युक्तिवाद कोसळतो. त्यामुळेच अनंत खोलीच्या विहिरीत भिंतीपाशी उतार तुटलेला चालतो आणि सांत विहिरीत चालत नाही. दोन्ही अटी एकमेकींनी भागल्या की A आणि C दोन्ही गळून पडतात आणि उरते

k cot kR = −κ

यात B माहीत आहे, पण V₀ आणि R दोन्ही अज्ञात. एका मोजमापातून दोन अज्ञात सुटत नाहीत, म्हणून R साठी 2.1 फेम्टोमीटर हे वाजवी मूल्य घेऊ. ħ²/m ची किंमत 41.47 एमईव्ही·फेम्टोमीटर² आहे. त्यावरून κ = 0.2316 प्रति फेम्टोमीटर आणि κR = 0.486. आता kR ला x म्हणून x cot x = −0.486 सोडवायचे. उजवी बाजू ऋण असल्याने x हा π/2 च्या, म्हणजे 1.571 च्या, पुढे असणार. एक-दोन प्रयत्नांत x = 1.83 मिळतो. त्यातून k = 0.872, V₀ − B = 31.5, आणि खोली V₀ सुमारे 33.7 एमईव्ही.

चौतीस एमईव्ही खोल विहीर, आणि पातळी काठापासून जेमतेम सव्वादोन एमईव्ही खाली! याच तरंगफलनावरून सरासरी विभव ऊर्जा −12.5 आणि सरासरी गतिज ऊर्जा 10.3 एमईव्ही येते. विग्नर यांनी म्हटलेला किरकोळ फरक हाच. आणखी एक हिशेब मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतो. आतला आणि बाहेरचा u² वेगवेगळा समाकलित केला, तर दोन्ही कणांमधले अंतर R पेक्षा जास्त असण्याची संभाव्यता सुमारे 63 टक्के निघते. बलाच्या पल्ल्याबाहेर ही जोडी निम्म्याहून अधिक काळ काढते, तरीही ती बांधलेलीच असते. शेपटीची लांबी 1/κ म्हणजे 4.3 फेम्टोमीटर, विहिरीच्या त्रिज्येच्या दुप्पट.

अवस्थांची संख्या कशावर ठरते, हे याच चित्रातून दिसते. u शून्यापासून निघतो आणि चढू लागतो. बाहेरची शेपूट उतरती आहे, म्हणून काठावर पोहोचण्यापूर्वी u ने शिखर ओलांडून खाली वळायला हवे. विहीर उथळ असेल तर वक्रता कमी पडते, u काठापर्यंत चढतच राहतो आणि उतरत्या शेपटीशी त्याची गाठ पडत नाही. अगदी सीमेवरचा प्रसंग शून्य बंधनाचा: तेव्हा काठाशी उतार बरोबर शून्य, म्हणजे kR = π/2. म्हणून पहिली अवस्था तयार होण्यासाठी V₀R² किमान 102.3 एमईव्ही·फेम्टोमीटर² हवे. 2.1 फेम्टोमीटर त्रिज्येला ही खोली 23.2 एमईव्ही होते. दुसऱ्या अवस्थेसाठी u ला आणखी एक पूर्ण अर्धलहर काढून पुन्हा शिखर ओलांडावे लागते, म्हणजे kR = 3π/2, आणि खोली नऊपट, सुमारे 209 एमईव्ही. एक एकक कोनीय संवेग असलेल्या अवस्थेची सीमा kR = π ला, सुमारे 93 एमईव्हीला येते. आपली 33.7 ची विहीर पहिली सीमा ओलांडते आणि पुढच्या कुठल्याही सीमेच्या आसपासही फिरकत नाही. ड्यूटेरॉनला उत्तेजित बद्ध अवस्था नाही ती त्यामुळेच.

इथे विद्यार्थ्यांची एक चूक नेहमी होते. एका मितीतल्या सममित विहिरीत, ती कितीही उथळ असो, एक बद्ध अवस्था नेहमी असते, हे त्यांनी शिकलेले असते आणि तेच ते इथे लावतात. एका मितीत सम अवस्था मध्यावरच शिखरावर असते. तिला फक्त थोडे खाली वाकायचे असते आणि तेवढे कुठलीही विहीर करू शकते. तीन मितींत r = 0 ची अट फक्त विषम अवस्थांना वाट देते. म्हणून इथे किमान खोली लागते.

चॅडविक यांनी फुटीचा हा प्रयोग बेथे आणि पायर्ल्स यांना दाखवला आणि त्याचा सिद्धान्त मांडून दाखवा असे आव्हान दिले. दोघे तेव्हा मँचेस्टरला होते. परतीच्या आगगाडीच्या प्रवासात त्यांनी गणिताचा गाभा उभा केला. 1935 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात विहिरीचा तपशील जवळजवळ बाजूला सारलेला आहे. पल्ला शेपटीच्या मानाने लहान धरला की काठावरची अट फक्त κ वर येऊन थांबते आणि κ तर मोजलेल्या बंधन ऊर्जेतून थेट मिळतो. खोली आणि रुंदी वेगवेगळी सांगता येत नाही ही मर्यादाच त्यांनी कामी लावली.

मात्र त्याच तर्काने मंद न्यूट्रॉन प्रोटॉनवर किती विखुरतील हे सांगणारे क्षेत्रफळ, म्हणजे आडछेद, काढले, तर उत्तर दोन ते चार बार्न येते. प्रत्यक्षात ते 20.4 बार्न आहे. इतकी तफावत आकडेमोडीतल्या सुधारणांनी भरून निघत नाही. विग्नर यांनी सुचवले की बल स्पिनवर अवलंबून असावे. ड्यूटेरॉनमध्ये दोन्ही स्पिन समांतर असतात. टकरींपैकी तीन चतुर्थांश अशा असतात, पण उरलेल्या एक चतुर्थांश टकरींत स्पिन विरुद्ध असतात आणि त्यांची विहीर वेगळी असते. समांतर स्पिनचा वाटा सुमारे 3.7 बार्न धरला तर विरुद्ध स्पिनचा सुमारे 70 बार्न हवा. एवढे मोठे विखुरणे तेव्हाच होते, जेव्हा एखादी अवस्था सीमेच्या अगदी जवळ असते. पण सीमेच्या कुठल्या बाजूला? अवस्था जेमतेम बांधलेली असो वा जेमतेम निसटलेली, आडछेद तितकाच येतो, कारण त्यात विखुरण लांबीचा वर्ग असतो आणि तिचे चिन्ह, बांधलेल्या अवस्थेला धन आणि निसटलेल्या अवस्थेला ऋण, हरवते.

हे चिन्ह मिळवायची युक्ती श्विंगर आणि टेलर यांनी 1937 मध्ये सुचवली. पॅराहायड्रोजनच्या रेणूत दोन्ही प्रोटॉनचे स्पिन विरुद्ध असतात, ऑर्थोहायड्रोजनमध्ये समांतर. अतिशय मंद न्यूट्रॉनची तरंगलांबी रेणूपेक्षा मोठी असते, त्यामुळे दोन प्रोटॉनवरून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि लांबींचे वर्ग होण्यापूर्वी त्यांची बेरीज होते. विरुद्ध स्पिनची लांबी ऋण असेल तर पॅरामध्ये ती समांतर स्पिनच्या लांबीला बरीचशी खोडते आणि विखुरणे एकदम घटते. प्रयोगांत ऑर्थोपेक्षा पॅराचे विखुरणे खरोखरच कितीतरी कमी निघाले. लांबी ऋण, सुमारे −23.7 फेम्टोमीटर. म्हणजे विरुद्ध स्पिनची जोडी बांधली जात नाही. त्याच 2.1 फेम्टोमीटर त्रिज्येला ही लांबी देणारी खोली काढली तर 21.6 एमईव्ही येते, 23.2 च्या सीमेपेक्षा फक्त दीड एमईव्ही कमी.

चौकोनी विहिरीची मर्यादा 1939 मध्ये उघड झाली. राबी यांच्या गटाने ड्यूटेरॉनला विद्युत चतुर्ध्रुव आघूर्ण असल्याचे दाखवले, म्हणजे तो पूर्ण गोल नाही. गोल विभवात कोनीय संवेग नसलेल्या अवस्थेचे हे आघूर्ण शून्यच येणार. त्यासाठी विहिरीची खोली किंवा रुंदी बदलून भागत नाही. जोडीच्या स्पिनची दिशा आणि कणांना जोडणारी रेषा यांच्यातल्या कोनावर अवलंबून असणारे बल घ्यावे लागते. मग अवस्थेत दोन एकक कोनीय संवेगाचा काही टक्के भाग मिसळतो आणि एका समीकरणाऐवजी दोन गुंफलेली समीकरणे सोडवावी लागतात.